मदत हवी आहे : नगरपरिषदेच्या जुन्या मृत्यू नोंदवह्यांचे फोटो काढण्याच्या परवानगीचे पत्र

वेशीजवळ :
आमचे गावातले नोंदणीकृत इतिहास मंडळ आहे. 1918 च्या इन्फ्लुएन्झात आमच्या गावातल्या कुठल्या पेठेत किती माणसे गेली, हे आम्हांला नोंदींवरून काढायचे आहे. नगरपरिषदेच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या काळातल्या मृत्यूच्या चार नोंदवह्या आहेत. बऱ्याच मोडीत, थोड्या बाळबोधीत. कागद कडेला तुटतोय आणि शाई मागून उमटली आहे. तिथे बसून उतरवून घेणे शक्य नाही, कारण मोडी वाचणारे आमचे दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. म्हणून पानांचे फोटो काढून घरी सावकाश टाइप करायचे ठरवले.

पत्र दिले. लिपिक तोंडीच म्हणाले, "नियमात तशी तरतूद नाही." लेखी काही नाही. पत्राचा मुख्य भाग असा होता : "आमचे मंडळ गावाच्या इतिहासावर काम करते. आपल्या कार्यालयातील सर्व जुन्या नोंदवह्यांचे संशोधनासाठी छायाचित्रण करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती."

यात काय बदलू? दुसरे पत्र लगेच द्यायचे आहे, पुढच्या पावसाळ्यात त्या वह्या कशा राहतील याची धास्ती वाटते.

सडेतोड :
विनंती कसली करता? माहितीचा अधिकार टाका. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींना खासगी माहितीचे कारण सांगून नकार देता येत नाही, कलम 8(3) वाचा. फोटो काढू द्यावेच लागतील.

दप्तरदार :
सडेतोड, 8(3) चा मुद्दा बरोबर आहे, पण शेवटचे वाक्य नाही. त्या कायद्यात अभिलेख पाहणे, टिपणे घेणे, प्रमाणित प्रती मागणे हे हक्क आहेत. स्वतःचा कॅमेरा घेऊन अख्खी वही टिपण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला नाही. शिवाय कलम 7(9) आहे : मागितलेल्या स्वरूपात माहिती दिल्याने अभिलेखाच्या सुरक्षिततेला किंवा जतनाला बाधा येणार असेल, तर कार्यालय त्या स्वरूपाला नकार देऊ शकते. तुटक्या कागदाला ते लगेच लागू करतील. किंवा दोन रुपये पानाने झेरॉक्स देतो म्हणतील. झेरॉक्सच्या काचेवर ती वही उलटी दाबली की शिवण सुटलीच समजा. तुम्हांला वाचवायची आहे तीच वस्तू जाईल.

वेशीजवळ, मी अशा कार्यालयात नोकरी केली आहे, म्हणून टेबलापलीकडचे सांगतो. "सर्व जुन्या नोंदवह्या" वाचले की लिपिकाच्या मनात दोन भीती येतात. एक, पान फाटले किंवा गहाळ झाले तर जबाबदार मी. दुसरी, या फोटोंवरून कोणी खोटा दाखला तयार केला तर चौकशी माझी. तुमचे पत्र या दोन्हींबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून "तरतूद नाही".

माळावरची :
आमच्याही आजोबांची कुणबी नोंद अशाच वहीत आहे असे म्हणतात. पत्र कोणाला द्यायचे? मराठवाड्यात शोध चालू होता तेव्हा आमचे राहून गेले.

दप्तरदार :
ताई, तुमचे काम वेगळे आहे. एका माणसाची नोंद हवी असेल तर वर्ष आणि गाव देऊन जन्म-मृत्यू निबंधकाकडे शोधाचा अर्ज करा. खेडेगाव असेल तर तहसीलमध्ये गाव नमुना 14, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची वही, पाहायला मागा. त्याआधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा, कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या वेळी सापडलेल्या बऱ्याच नोंदी स्कॅन करून तिथे ठेवल्या आहेत.

आता मूळ पत्र. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रत जन्म-मृत्यू निबंधकांना. मंडळाचा ठराव आणि नोंदणी प्रमाणपत्र जोडा. मजकूर साधारण असा :

"विषय : सन 1916 ते 1920 या कालावधीतील मृत्यू नोंदवह्यांची छायाचित्रे कार्यालयातच घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, सोबतच्या यादीतील चार नोंदवह्यांची छायाचित्रे आमचे दोन सदस्य, ज्यांची नावे व ओळखपत्रे जोडली आहेत, कार्यालयीन वेळेत व आपल्या कर्मचाऱ्यासमोर घेतील. नोंदवही कक्षाबाहेर नेली जाणार नाही. फ्लॅश, स्कॅनर अथवा झेरॉक्स यंत्र वापरले जाणार नाही. प्रत्येक वहीची पाने काम सुरू होण्यापूर्वी व संपल्यावर मोजून दोन्ही वेळी उभयतांच्या सह्या घेतल्या जातील. सर्व छायाचित्रांचा एक संच कार्यालयास विनामूल्य दिला जाईल. या छायाचित्रांचा उपयोग कोणत्याही दाखल्यासाठी केला जाणार नाही, तसे हमीपत्र सोबत जोडले आहे."

पाने मोजण्याचे वाक्य काढू नका. वहीत आधीच पाने कमी असतील, तर ते पहिल्याच दिवशी दोघांच्या सहीने कागदावर येते आणि लिपिकही सुटतो, तुम्हीही. पत्र आवकमध्ये देऊन पोच घ्या. आवक क्रमांक पडला की त्यावर टिपणी लिहावीच लागते. नुसते साहेबांच्या हातात दिलेले पत्र खणात राहते.

पानोपानी :
परवानगी मिळाली तर फोटोबद्दल थोडे. मागची शाई दिसते म्हणता ना? टिपायच्या पानाच्या मागे काळा जाड कागद सरकवा, मागची अक्षरे बरीच फिकी पडतात. मोबाइल स्टँडवर आडवा लावा, हातात धरू नका. वही सपाट उघडत नसेल तर दाबू नका, उघडते तेवढ्या कोनात एकेक पान घ्या. प्रत्येक फोटोत वहीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा, नाहीतर घरी गेल्यावर दोन वह्या एकमेकींत मिसळतात. फाइलला `1918_V2_P045.jpg` असे नाव द्या. आणि उठण्याआधी दर वीस-पंचवीस पानांनी एक फोटो मोठा करून मोडी जाणणाऱ्याला वाचायला द्या. छोट्या पडद्यावर सगळेच स्पष्ट दिसते. अनुस्वार आणि मोडीतली जोडाक्षरे मोठे केल्यावरच फसतात.

वेशीजवळ :
दप्तरदार, पानोपानी, मनापासून आभार. एक शंका. मृत्यूचे कारण आणि जात हे दोन रकाने टाइप करून प्रसिद्ध करावेत का? 1918 च्या पानांवर बहुतेक ठिकाणी नुसते "ताप" लिहिले आहे, तोच आमच्या कामाचा गाभा आहे.

दप्तरदार :
1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 मध्ये मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करू नये असे आहे. तुम्ही उतारा मागत नाही, तरी कार्यालय हे कलम दाखवील. पत्रातच लिहा की नावासोबत कारण प्रसिद्ध करणार नाही, फक्त पेठ आणि आठवड्याप्रमाणे आकडे देऊ.

सडेतोड :
शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे कारण लपवून काय मिळणार? नाव गेले तर घरच्यांना आपला माणूस कसा सापडेल?

पानोपानी :
घरच्यांना सापडावा हे पटते. पण जातीचा रकाना नावासकट नेटवर गेला की त्याचा वापर कोण कशासाठी करील हे आपल्या हातात राहत नाही. मी टाइप करीन सगळे, प्रसिद्ध मात्र करणार नाही.

वेशीजवळ :
यावर मंडळात दोन तट आहेत, ते बैठकीत ठरवू. तूर्त पत्रात "नावासह कारण व जात प्रसिद्ध केली जाणार नाही" असे घालतो आणि सोमवारी आवकमध्ये देतो. हमीपत्र साध्या कागदावर चालेल की स्टँपपेपर लागेल, हे कोणाला अनुभवाने माहीत असेल तर सांगा.