मदत हवी आहे: संडासचं भांडं जमिनीलगत बसवावं की ओट्यावर? (नागपूर, तळमजला)

नंदनवनी
नमस्कार मंडळी. आमचं नंदनवनात जुनं तळमजल्याचं घर आहे. बाथरूम आणि संडास एकातच, 4 बाय 7 फूट. आत शिरलं की आधी आंघोळीची जागा आणि मागच्या भिंतीला 8 इंचाचा ओटा करून त्यावर देशी भांडं. ते आता फोडून नवं करायचंय. सासूबाईंना ओट्यावरून ओल्या पायानं उतरायची भीती वाटते, म्हणून मला भांडं फरशीच्या बरोबरीनं हवंय. मिस्त्री म्हणतो, "ताई, पहिले होता तसाच ओटा ठेवा, पाणी नीट निघते." कारण विचारलं की पुढं काही सांगत नाही. सध्याच्या ओट्याच्या समोरच्या टाईल्सवर कायम ओल असते आणि पांढरं मीठ फुलतं, कितीही घासा, आठवड्यात परत. दोन्हीत पाणी कसं निघतं आणि घासायला काय सोपं पडतं, ते ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

सावजी_तिखट
सरळ कमोड बसवा ना. गुडघ्याला आराम, ओट्याची भानगडच नाही. आमच्या बाबांनी आधी नाही म्हटलं, आता सोडत नाहीत.

नंदनवनी
कमोड दुसऱ्या खोलीत आहेच. सासूबाईंना उकिडवं बसताना त्रास नाही, उतरताना आहे. त्यांना देशीच हवंय.

बर्डीवाला
ताई, मिस्त्री बरोबर बोलून राहिला. 23 सप्टेंबर 2023 च्या पावसात अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांचं भांडं जमिनीबरोबर होतं त्यांच्या घरात भांड्यातून उलटं पाणी आलं. आमच्या भांड्यातून एक थेंब नाही, कारण दीड वीत ओटा. ओटा तोडू नका, पस्तावाल.

चेंबर_उघडा
बर्डीवाल्या भाऊंचं निम्मं खरं आहे. लाईन मागे मारते तेव्हा पाणी घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं. भांडं ओट्यावर नेलं की ते तोंड बाथरूमची जाळी होते. भाऊ, त्या रात्री तुमच्या जाळीतून पाणी आलं नाही का?

बर्डीवाला
आलं ना. पण ते जाळीचं होतं, भांड्याचं नाही.

चेंबर_उघडा
चेंबर एकच असेल तर ते पाणी एकाच ठिकाणचं आहे, भाऊ. फक्त आंघोळीच्या जागेत निघालं. ओट्यानं पूर अडत नाही, पुराचं दार बदलतं. त्यासाठी जाळीची लाईन थेट संडासच्या पाईपला न जोडता बाहेर गली ट्रॅपमध्ये, म्हणजे अंगणातल्या जाळी लावलेल्या कुंडीत सोडायची आणि त्या ट्रॅपचं तोंड घराच्या फरशीपेक्षा खाली ठेवायचं, म्हणजे उलटं आलेलं पाणी आधी अंगणात निघेल. अर्थात अंगणच पाण्याखाली गेलं तर तेही कामाचं नाही.

आता ताईंचा प्रश्न. ओटा करायचा की नाही हे आवडीवर नसतं, बाहेरच्या चेंबरच्या खोलीवर असतं. मी साईटवर हेच बघत आलो. भांडं, त्याखाली ट्रॅप म्हणजे पाणी धरून वास अडवणारा वाकडा तुकडा, मग चेंबरपर्यंत पाईपचा ढाळ, एवढी उंची कुठून तरी काढावी लागते. जमिनीखाली मिळाली तर भांडं फरशीलगत, नाही मिळाली तर तेवढा ओटा. तुमच्या जुन्या मिस्त्रीला कुठंतरी उंची कमी पडली असणार, म्हणून 8 इंच. आत्ताच्या मिस्त्रीनं चेंबर उघडून पाहिलंय का? नसेल तर त्याला "पहिले होता तसाच" याशिवाय कारण सापडणार नाही.

मापं अशी घ्या. जे भांडं घ्यायचंय ते आणि त्याचा पी ट्रॅप दुकानातच एकावर एक ठेवा आणि भांड्याच्या काठापासून ट्रॅपच्या तोंडाच्या तळापर्यंत टेप लावा. कंपनीनुसार ते दोन-तीन इंचांनी बदलतं, म्हणून पुस्तकातला आकडा घेऊ नका. मग पाण्याची पारदर्शक नळी घेऊन बाथरूमच्या फरशीची पातळी चेंबरवर आणा आणि तिथून चेंबरमधल्या वाहत्या नाळीचा तळ किती खाली आहे ते मोजा. जमलं तर पुढच्या चेंबरचाही.

पांढऱ्या मिठाचं वेगळं. तो उन्हाळा-पावसाळ्याचा दोष नाही. बहुतेक ओट्याच्या पोटात मलबा भरलाय, सिमेंट काँक्रीट नाही. भांड्याच्या काठाचा सांधा उघडला की पाणी त्या मलब्यात मुरतं, तिथंच साचतं आणि समोरच्या टाईल्सच्या फटीतून झिरपत बाहेर येतं. दोन दिवस ते भांडं वापरू नका, पाणीही टाकू नका. समोरची ओल तरीही सुटत नसेल तर पोटात पाणी साठलेलं आहे.

मनीषनगर_तिसरा_मजला
आमच्या फ्लॅटमध्ये भांडं फरशीलगत आहे आणि खालच्यांच्या छताला पाणी. बिल्डरनं स्लॅब खाली घेऊन त्यात भराव केला होता, तो भरावच भिजला. वॉटरप्रूफिंगवाला आला, वरून पांढरं काहीतरी मारून गेला, पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकलं. सोसायटीत रोज भांडण. जमिनीलगत करू नका असं माझं मत.

चेंबर_उघडा
तुमची अडचण खरी आहे, पण वरच्या मजल्याचा हिशोब वेगळा. ताईंच्या खाली माती आहे, शेजारी नाही. गळती झाली तर भांडण टळेल, पण खाली काळी माती असेल तर ती भिजून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाईप भिंतीतून बाहेर पडतो तिथं सांधा तुटतो. पाईपखाली मुरूम किंवा वाळू टाकून दाबली पाहिजे.

खराटा_आणि_वायपर
मी दोन्ही घासलेत, माहेरी ओटा आणि इथं त्रिमूर्ती नगरला जमिनीलगत, म्हणून फक्त घासण्यापुरतं बोलते.

ओट्याची खरी कटकट भांडं नाहीच, ओट्याची उभी बाजू आणि ती जमिनीला मिळते तो कोपरा आहे. वरून सांडलेलं पाणी तिथून उतरतं, साबण आणि बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो आणि खराटा त्या कोपऱ्यात नीट पोचत नाही. माहेरच्या मिस्त्रीनं ओट्याचा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे जाळीकडे दिला होता. त्यामुळे धुतलेलं घाण पाणी सगळं आंघोळीच्या जागेवरून जायचं. मग आधी ओटा, मग खालची फरशी, मग परत जाळी, असं तीनदा पाणी.

इथं फरशी एकसलग आहे. वायपर एकदा ओढला की झालं. पण एक सांगते, आंघोळीचं पाणीही भांड्याकडे येतं. केस, शाम्पूचा फेस भांड्यात आणि काठाभोवती काळी रेघ. साबणाची वडी एकदा आत गेली ती बाहेर काढायला तारेनं खटपट करावी लागली. म्हणून जमिनीलगत उत्तम असं मी डोळे झाकून म्हणणार नाही.

चेंबर_उघडा
अगदी बरोबर. सरकारी बांधकामाच्या नियमावलीतही भांड्याभोवतीची फरशी भांड्याकडे उतरती ठेवायला सांगतात, पण ती फक्त संडासच्या खोलीसाठी चालते. एकत्र बाथरूममध्ये दोन उतार हवेत. भांड्याभोवती साधारण दीड-दोन फुटांचा भाग भांड्याकडे, बाकीची आंघोळीची जागा जाळीकडे, आणि दोन्हीच्या मध्ये फरशीचा सौम्य उंचवटा. तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, पायाला ठेच लागते. टाईल्सच्या मसाल्यावर एक मग पाणी ओतून बघा, घट्ट होण्याआधी. मिस्त्री नाही म्हणतील, तरी बघा.

ओटाच करायचा ठरला तरी त्याचा उतार भांड्याकडेच द्या, बाहेर कधीच नको. भांड्याच्या पुढच्या टोकापासून ओट्याच्या कडेपर्यंत किमान दीड फूट सपाट जागा ठेवा, म्हणजे उठल्यावर लगेच खाली पाय जाणार नाही. बऱ्याच ठिकाणी कड भांड्याला चिकटूनच असते आणि म्हातारी माणसं तिथेच घसरतात.

नंदनवनी
मापं घेतली. नवरा आणि मी नळी धरून तासभर अंगणात होतो. भांडं अधिक ट्रॅप 17 इंच. भांड्यापासून चेंबर 9 फूट. चेंबरच्या नाळीचा तळ बाथरूमच्या फरशीपासून 14 इंच खाली. पुढचं चेंबर तिथून 20 फुटांवर, त्याचा तळ पहिल्यापेक्षा आणखी 11 इंच खाली. ओटा एका बाजूनं थोडा फोडून पाहिला, पोटात विटांचे तुकडे, माती आणि चक्क बिडीची थोटकं. सगळं चिंब ओलं.

चेंबर_उघडा
आता कोडं सुटलं. 4 इंची पाईपला 40 फुटांत 1 फूट ढाळ धरू. 9 फुटांना पावणेतीन इंच येतात, 3 धरा. भांड्याच्या काठापासून 17 अधिक 3, म्हणजे 20 इंच खोली हवी. तुमच्याकडे 14 आहे. तूट 6 इंच. आत्ताचं चेंबर तसंच ठेवलं तर 6 इंचाचा ओटा लागतोच, मिस्त्रीनं त्यावर 2 इंच स्वतःचे टाकलेत.

पण दुसऱ्या चेंबरपर्यंत 20 फुटांना फक्त 6 इंच ढाळ पुरतो आणि तुमच्याकडे 11 आहेत. म्हणजे पहिलं चेंबर 5 इंच खाली नेता येतं. मग तूट उरते 1 इंच. जुन्या फरशीवरच नवीन मसाला आणि टाईल घातली तर फरशी दीड-दोन इंच वर येईल, म्हणजे भांडं बरोबरीनं बसेल. दाराचा उंबरठा मात्र आधी तपासा, बाथरूमचं पाणी खोलीकडे यायला नको. आणि हे करायला दोन चेंबरांमधला 20 फूट पाईप उकरून नव्यानं टाकावा लागेल. स्वयंपाकघराची लाईन पहिल्या चेंबरमध्ये येत असेल तर ती वरून पडेल, तिचं काही बिघडत नाही.

बर्डीवाला
मग ताई 20 फूट खोदून 6 इंच वाचवायचे? ओटा 6 चा करा, दांडा लावा भिंतीला. काम संपलं.

खराटा_आणि_वायपर
दांडा ओल्या हातानं धरायला बरा असतो, पण तो भिंतीत पक्का हवा. टाईलवर फक्त स्क्रू मारून गेलेला दांडा एक दिवस हातात येतो.

नंदनवनी
नवऱ्याचा विरोध आहे, कारण त्या 20 फुटांवर मागच्या वर्षीच पेव्हर ब्लॉक घातलेत. दीर म्हणतात, उचलून परत बसवता येतात. मधल्या मार्गाची एक शंका आहे. 6 इंचाचा एकच ओटा न करता, 3 इंचाच्या दोन पायऱ्या केल्या तर?

चेंबर_उघडा
नको. 3 इंचाची पायरी डोळ्याला दिसत नाही, ओल्या फरशीत तर मुळीच नाही. एकच 6 इंचाची आणि कडेला वेगळ्या रंगाची टाईल. ब्लॉक उचलायचे की नाही हे तुमच्या घरातलं आहे. पण उचलणार असाल तर आधी दुसऱ्या चेंबरच्या पुढची लाईन बघा. 11 इंच खाली असलेलं चेंबर रस्त्याच्या मुख्य लाईनला कुठं मिळतं आणि पावसाळ्यात त्यात पाणी किती चढतं, हे कळल्याशिवाय पहिलं चेंबर खोल करू नका. तिथं पाणी साचत असेल तर तुम्ही तुमचं तोंड 5 इंचांनी पाण्याच्या जवळ नेताय. पाऊस पडला की झाकण उघडून चेंबरच्या भिंतीवर पाणी चढल्याची खूण बघा आणि इथं कळवा.

आणि ओटा ठेवा वा जमिनीलगत करा, भांड्याखाली मलबा भरू देऊ नका, सगळीकडे काँक्रीट हवं. ट्रॅपचा सांधा झाल्यावर चेंबरकडचं पाईपचं तोंड बोळ्यानं बंद करून भांड्यात काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी पातळी उतरली असेल तर टाईल घालायच्या आत दुरुस्त होतं.

नंदनवनी
बरं. पाऊस येईपर्यंत मिस्त्रीला थांबवते, तो वैतागणार. तोवर जुनं भांडं कसंबसं चालवू.