बोगद्यात अडकल्यावर इंजिन

"बोगद्यात ट्रॅफिक थांबलं तर एसीसाठी इंजिन चालू ठेवायचं का?"

रांग हलेनाशी झाली की बंदच करा. थांबलेल्या गाड्यांचा धूर आत साचतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. एसी रीसर्क्युलेशनवर ठेवला तरी तो हळूहळू गाडीत शिरतोच. हॅझर्ड आणि पार्किंग लाइट मात्र चालू ठेवा.

पुढच्या गाडीपासूनचं अंतरही महत्त्वाचं. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतकं मागे थांबायचं. पुण्याहून नेरूळला येताना भाताण बोगद्यात माझ्यापुढचा टेम्पो बंद पडला, तेव्हा तेवढ्याच जागेमुळे रिव्हर्स न घेता बाजूच्या लेनमध्ये निघता आलं. आग किंवा दाट धूर दिसला तर इंजिन बंद करून, किल्ली गाडीतच ठेवून, धुराच्या उलट दिशेने चालत बाहेर पडा. किल्ली असली की मदतपथकाला गाडी हलवता येते.