जॉब फेअरमध्ये दोन मिनिटं भेटलेल्या एचआरला नंतर मेल केलात का? पुढं काय झालं? अनुभव सांगा

चाकणचा वाटसरू (धागाकर्ता)

भाचा डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा रोजगार मेळाव्याला जाऊन आला. सात स्टॉलवर रेझ्युमे दिले, त्यातल्या दोन ठिकाणी जरा बोलणं झालं, आणि आता विचारतोय, "मामा, मेल करू का? काय लिहू?" मी त्याला माझाच किस्सा सांगितला, तो इथेही लिहितो. तुमचेही येऊ देत. फसलेले आधी सांगा, त्यातून जास्त कळतं.

मी मेळाव्यात एका मशीनिंग कंपनीच्या स्टॉलवर उभा होतो. जागा क्वालिटी ट्रेनीची. पलीकडे एचआरच्या मॅडम आणि शेजारी प्लांटमधले एक साहेब. साहेबांनी विचारलं, "टॅप केलेलं होल कशानं चेक करशील?" मी ठोकून दिलं, "व्हर्नियर." साहेब हसले, "बरं, पुढचा." झालं, दीड मिनिटात निकाल.

घरी आल्यावर चैन पडेना. मॅडमनी कार्ड दिलं होतं, त्यावर मेल टाकला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा: "आज दुपारी तुमच्या स्टॉलवर क्वालिटी ट्रेनीच्या जागेसाठी भेटलो. साहेबांनी थ्रेड कसा तपासशील विचारलं, मी व्हर्नियर म्हणालो, ते चूक होतं. इन-प्लांट ट्रेनिंगमध्ये आम्ही एम8 च्या होलला थ्रेड प्लग गेज लावायचो. गो बाजू हातानं पूर्ण आत जायला हवी, नो-गो दोन फेऱ्यांपेक्षा जास्त गेली तर पीस रिजेक्ट. घाईत सुचलं नाही. रेझ्युमे जोडला आहे, मोबाईल नंबर खाली आहे. प्लांटमध्ये कधीही भेटायला येऊ शकतो." एवढंच.

पाचव्या दिवशी फोन आला. पुढं दोन वर्षं तिथं मला सगळे "व्हर्नियर" म्हणूनच हाक मारायचे.

शमिका_एचआर

व्हर्नियर, छान! मी टेबलाच्या पलीकडे बसणारी, त्यामुळे तिकडची बाजू सांगते.

मेळावा संपला की आमच्याकडे रेझ्युमेंचा गठ्ठा असतो. बोलताना मी वरच्या कोपऱ्यात पेनानं खूण करते. दुसऱ्या दिवशी खुणा केलेले तेवढेच एक्सेलमध्ये चढतात: नाव, कोर्स, मोबाईल, एका ओळीचा शेरा. नंतर तुमचा मेल आला की मी पहिल्यांदा त्या शीटमध्ये शोधते. आता मेल आलाय "सचिन पाटील" नावानं, रेझ्युमेवर आहे "पाटील सचिन संभाजी", आणि शीटमध्ये पाटील अकरा. म्हणून मी मोबाईल नंबरानं शोधते. रेझ्युमेवर जो नंबर दिला तोच मेलमध्ये खाली लिहा. मधेच सिम बदललं असेल तर जुना नंबरही लिहा, बाई शोधून दमते.

दुसरं म्हणजे विषयाची ओळ. "Regarding job" असे मेल रोज ढिगानं येतात. जागेचं नाव, मेळाव्याचं ठिकाण आणि तुमचं नाव एवढं त्या ओळीत आलं की आठ दिवसांनी मॅनेजरनं विचारलं तरी मी तो मेल काढू शकते.

आणि बोलण्यातलं काहीतरी लिहा, वाटसरूंनी लिहिलं तसं. "तुमच्याशी बोलून फार आनंद झाला" यावरून चेहरा आठवत नाही. "व्हर्नियर म्हणालो" यावरून आठवतो.

झटपट_गणेश

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. मेल चोवीस तासांच्या आत गेला पाहिजे, नंतर टाकून काही उपयोग नाही. आणि रीड रिसीट लावा, वाचला की कळतं, मग लगेच फोन करायचा. मी असंच केलं आणि लागलो.

शमिका_एचआर

गणेश, लवकर पाठवणं बरंच, कारण बोलणं तुम्हालाच ताजं आठवतं. पण चोवीस तासांचा नियम कुणी केला? आम्ही कित्येकदा लागोपाठ तीन कॉलेजं करून शुक्रवारी ऑफिसात परततो. सोमवारी आलेला मेल तोवर खाली गेलेला असतो आणि गुरुवारी आलेला वर दिसतो. आठवड्याच्या आत आला तर मी तरी बघते.

रीड रिसीटचं मात्र नका करू. "पोच पाठवायची का?" असं समोर आलं की मी "नाही" दाबते. आणि वाचल्याबरोबर फोन आला तर कुणीतरी दाराआड उभं असल्यासारखं वाटतं.

झटपट_गणेश

साध्या जीमेलला ती सोय नाहीच म्हणे, आत्ता शोधून बघितलं. म्हणजे मी ते एक्स्टेन्शन वापरलं असणार. पण लागलो हे खरं आहे!

डॅलसची_मृण्मयी

इथल्या युनिव्हर्सिटीच्या करिअर फेअरचा अनुभव, थोडा वेगळा आहे. स्टॉलवर रेझ्युमे बहुतेक घेतच नाहीत. क्यूआर कोड दाखवतात आणि "ऑनलाइन अप्लाय कर" म्हणतात. पहिल्या फेअरनंतर मी सहा जणांना सुंदर मेल लिहिले. चार जणांचं एकच उत्तर आलं: पोर्टलवर अर्ज कर. कारण मोठ्या कंपनीत सिस्टिममध्ये अर्ज नसेल तर रिक्रूटरला तुमच्यासाठी काहीच पुढं सरकवता येत नाही. दुसऱ्या वेळी आधी अर्ज केला, मग मेल, आणि मेलच्या पहिल्याच ओळीत जागेचा रिक्विझिशन नंबर. दोन ठिकाणी फोन राउंड मिळाला.

पण यातही ठेच लागली. एका स्टॉलवर उभा होता तो एचआर नव्हता, त्या टीममधला इंजिनिअर होता, आमच्याच युनिव्हर्सिटीचा माजी विद्यार्थी. तो म्हणाला, "मेल कर, मी रेफर करतो." मी हुशारी करून आधी पोर्टलवर अर्ज टाकला आणि मग त्याला मेल केला. त्याचं उत्तर आलं, "तुझं नाव सिस्टिममध्ये आधीच आहे, आता रेफरल जोडता येत नाही." डोक्याला हात लावला!

म्हणजे एचआर भेटला तर आधी अर्ज, इंजिनिअर भेटला तर आधी मेल. असंच ना, शमिकाताई?

शमिका_एचआर

साधारण असंच, पण कंपनी-कंपनीत वेगळं. आमच्याकडे अर्जानंतरही रेफरल चालतं. स्टॉलवरच विचारून घ्यावं, "आधी अर्ज करू की तुमच्या लिंकची वाट बघू?" याचा कुणाला राग येत नाही.

डॅलसची_मृण्मयी

अजून एक विचारते. मी ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर इथं काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर आहे. बारा महिने, आणि माझा कोर्स स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानातला असल्यामुळे पुढं चोवीस महिने मिळतात, पण त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी योजनेत हवी. हे पहिल्याच मेलमध्ये लिहावं का? मी लिहीत नाही. फॉर्ममध्ये स्पॉन्सरशिपचा प्रश्न असतोच, तिथं खरं उत्तर देते.

सिएटलकर

मी लिहायचो, शेवटी एका ओळीत. ज्यांना नकोच आहे ते लगेच नाही म्हणतात, वेळ वाचतो.

डॅलसची_मृण्मयी

हो, आणि ज्यांना नक्की माहीत नसतं तेही घाबरून नाही म्हणतात. माझ्या रूममेटला हो म्हणाले, तिनं लिहिलं नव्हतं. मला अजून पटलेलं नाही.

निवांत_बाबा

माझ्या मुलाचं इंजिनिअरिंग झालं. हुशार आहे पण भिडस्त आहे. मेळाव्यात मीच सोबत होतो, साहेबांशी मीच बोललो. मेल मी माझ्या आयडीवरून केला तर चालेल का?

शमिका_एचआर

काका, राग मानू नका, पण नको. मागच्या वर्षी असा मेल आला होता, फार अदबीनं लिहिलेला. आमच्या मॅनेजरनं एवढंच विचारलं, "कामावर कोण येणार?" मुलाला चार ओळी लिहू द्या, इंग्रजी चुकलं तरी चालेल. मराठीत लिहिलं तरी मी वाचते, फक्त विषयाची ओळ इंग्रजीत ठेवायला सांगा, शोधायला सोपं जातं.

बॅकबेंचर_नाशिक

कॅम्पसवाल्यांसाठी धोक्याची सूचना. आमच्या कॉलेजात एका कंपनीची पीपीटी, म्हणजे भरतीआधी कंपनीची माहिती देणारी सभा झाली. संपल्यावर मी एचआर सरांना गाठलं, दोन प्रश्न विचारले, मेल आयडी घेतला आणि रात्री मेल केला. सरांनी तो सरळ आमच्या टीपीओंना, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरांना फॉरवर्ड केला, "कृपया समन्वय करावा" म्हणून. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं. प्लेसमेंट पॉलिसीवर मी सही केली होती, त्यात कंपनीशी परस्पर संपर्क करायचा नाही असं स्पष्ट होतं. पुढच्या एका ड्राइव्हला बसू दिलं नाही.

मी कोणाला पाहिजे तर तो कागद दाखवतो. सही करताना वाचला नव्हता, ही माझी चूक.

हर्षदा_क

असं असेल तर मेल टीपीओंना करायचा आणि "सरांपर्यंत पोचवाल का" असं विचारायचं. माझ्या मैत्रिणीनं केलं होतं. पोचला की नाही कळलं नाही, पण केबिनमध्ये बोलावणं तरी आलं नाही.

धडपड्या

माझ्या चुका पटापट सांगतो. एकाच मेलच्या "To" मध्ये चौदा कंपन्यांचे एचआर. सगळ्यांना सगळे दिसले. त्यातल्या एकीनं "रिप्लाय ऑल" करून शुभेच्छा दिल्या.

मग सुधारलो, एकेकाला वेगळा पाठवायला लागलो. रेझ्युमेची ड्राइव्ह लिंक दिली, पण परवानगी उघडी करायला विसरलो. "Request access" चे तीन मेल आले होते, ते मी चार दिवसांनी बघितले. तेव्हापासून पीडीएफच जोडतो, आणि फाइलला नाव माझं देतो. आधी नाव होतं `resume_final_new(2).pdf`.

शिवाय एकांचं कार्ड नव्हतं, तर आयडी अंदाजानं बनवला, नाव.आडनाव करून. मेल गेला म्हणून खूश. जीमेलचं "Address not found" त्याच रात्री आलं होतं, मला वाटलं काहीतरी जाहिरात असेल.

सावध_सुलू

उलट्या दिशेनं आलेल्या मेलचंही सांगते. मेळाव्यानंतर दोन दिवसांनी मला "सिलेक्शन"चा मेल आला, कंपनीचं नाव तेच, पण आयडी साध्या जीमेलचा, आणि नोंदणीचे अठराशे रुपये मागितले. मी कार्डावरच्या आयडीला नवा मेल करून विचारलं. उत्तर आलं, आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही, भरू नका. मेळावा कौशल्य विकास केंद्राचा होता, तिथेही जाऊन सांगून आले.

चाकणचा वाटसरू

भाच्याचा अजून एक प्रश्न: उत्तर नाही आलं तर परत कधी? मी त्याला आठ-दहा दिवस म्हणालो.

शमिका_एचआर

बरोबर. नवा मेल नको, त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी, म्हणजे खाली जुनं सगळं दिसतं. तिसऱ्यांदा नको. तिसऱ्या मेलला उत्तर देऊन कुणी निवडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. बहुतेक वेळा जागाच थांबलेली असते आणि ते आम्हालाही बाहेर सांगता येत नाही.

नवीन_आहे_मी

मी कालच मेळाव्याला गेले होते. मॅडमनी माझ्या रेझ्युमेवर कोपऱ्यात तारा काढला. म्हणजे झालं ना? मग मेल कशाला करू?

शमिका_एचआर

आमच्या ऑफिसात तारा म्हणजे "पगाराची अपेक्षा जास्त". टिक म्हणजे बोलवा. त्या मॅडमचा तारा कसला ते त्यांनाच माहीत. मेल कर.

नवीन_आहे_मी

अरे देवा. करते.