यॅमलचे जेसन करताना कमेंट आणि डेटा टाइप जातात. तरीही करावे का?

सह्याद्रीकर: आमच्या सेवेची यॅमल कॉन्फिग यापुढे जेसनमध्येच ठेवावी, असे माझे मत आहे, कारण जेसनमध्ये मूल्याच्या प्रकाराविषयी संदिग्धता राहत नाही. कमेंट जातील हे मान्य. त्याखेरीज काही हरवते का?

जुनासर्व्हर: हरवते, आणि तेही जेसन लिहिण्याच्या आधी, यॅमल वाचतानाच. पायथनमध्ये `PyYAML` ने वाचून `json.dumps` ने लिहिल्यावर काय होते ते पाहा.

```yaml
# बँकेची अट; वेळ बदलू नये
open: 09:30
close: 22:30
mode: 0644
python: 3.10
```

```json
{"open": "09:30", "close": 1350, "mode": 420, "python": 3.1}
```

ही लायब्ररी यॅमल १.१ चे नियम पाळते, त्यामुळे 22:30 ही साठमान संख्या समजली जाते आणि २२ गुणिले ६० अधिक ३० असे १३५० उरतात. 09:30 मात्र शून्याने सुरू होत असल्यामुळे त्या नियमात बसत नाही आणि स्ट्रिंगच राहते; म्हणून फक्त सकाळची वेळ पाहून कोणी तपासणी उरकली, तर त्याला सारे ठीकच वाटणार. 0644 अष्टमान धरले गेल्यामुळे ४२० झाले. मूल्य तेच असले, तरी ती फाईलची परवानगी आहे हे आता पटकन ओळखू येत नाही. 3.10 मधले शून्य तर कायमचेच गेले.

निळीशाई: दोष जुन्या लायब्ररीचा आहे. यॅमल १.२ हे २००९ सालीच आले आणि त्यात जेसन सामावलेले आहे. ते पाळणारा पार्सर घ्या, प्रश्नच उरणार नाही.

जुनासर्व्हर: हे अर्धेच खरे आहे. १.२ मध्ये 22:30 स्ट्रिंग राहील, परंतु 3.10 तेव्हाही 3.1 च होईल आणि 0644 चे दशमान ६४४ होऊन मूल्यच बदलेल. शिवाय जेसन यॅमलमध्ये मावते, म्हणून यॅमल जेसनमध्ये मावते असे होत नाही.

चहाबाज: गिटहब अ‍ॅक्शन्सची फाईल अशीच बदलली, तेव्हा आमचे `on:` गायब होऊन त्या जागी `"true"` आले. जेसनवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

जुनासर्व्हर: त्यात जेसनचा दोष नाही. `on` ला बूलियन आधी यॅमलच्या वाचनाने केले. जेसनमध्ये नाव स्ट्रिंगच लागते, म्हणून पुढे त्याचे `"true"` झाले.

सह्याद्रीकर: मग दोन्ही फाईली लोड करून त्यांची तुलना केली, तर फरक कळेल ना?

जुनासर्व्हर: नाही. यॅमल पुन्हा त्याच लायब्ररीने वाचले, तर तिकडेही १३५० च येतील आणि तुलना बिनबोभाट पार पडेल. मूळ मजकुरातली अवतरणचिन्हे नसलेली मूल्ये डोळ्यांनी पाहून वेळ आणि आवृत्ती रूपांतराआधीच अवतरणचिन्हांत घालावी.

सह्याद्रीकर: ते करतो. कमेंट मी `_comment` नावाने ठेवीन म्हणतो.

जुनासर्व्हर: तुमच्या स्कीमात `additionalProperties: false` असेल, तर ते नाव नाकारले जाईल. माझे मत विचाराल, तर माणसांनी यॅमलच लिहावे आणि जेसन बिल्डच्या वेळी तयार करावे.

निळीशाई: मला हे पटत नाही. घाईच्या वेळी कोणीतरी तयार झालेले जेसनच थेट बदलतो आणि पुढच्या बिल्डमध्ये तो बदल पुसला जातो. त्यापेक्षा कमेंट गेलेल्या परवडल्या.