शब्दचर्चा: 'ओव्हरशूट' काढायचा की द्यायचा? आणि फ्लॅट, प्लॅटो, क्लॅम्प्ड

रेघोटी: ॲनिमेशनच्या शॉटवर एकदा शेरा येतो, 'पायाला ओव्हरशूट आहे, काढ.' पुढच्याच शॉटवर येतो, 'हाताला जरा ओव्हरशूट दे.' हे दोन वेगळे अर्थ आहेत का? असतील तर मराठीत ते वेगळे कसे सांगायचे? शिवाय ग्राफ एडिटरमध्ये टँजंटचे फ्लॅट, प्लॅटो, क्लॅम्प्ड असे प्रकार दिसतात. तिन्हींनी रेघ आडवीच होते ना?

मंदगती: हात ध्येयाच्या थोडा पुढे जाऊन मागे येऊन स्थिरावतो, तो ओव्हरशूट. तो हवाच, नाहीतर हालचाल लाकडी वाटते. त्यासाठी शेवटच्या कीच्या तीन-चार फ्रेम आधी एक जास्तीची की टाकायची.

चढउतार: बरोबर, पण ती तुम्ही स्वतः टाकलेली की आहे. रेघोटी विचारतात ते उलटं आहे: की कुठेच नाही, तरी कर्व्ह मर्यादेबाहेर जातो. पायाचंच उदाहरण घेऊ. उंचीच्या चार की आहेत: फ्रेम ० ला १०, फ्रेम १० ला ०, फ्रेम २० ला ०, फ्रेम ३० ला परत १०. म्हणजे १० ते २० पाय जमिनीवर टेकलेला हवा. टँजंट स्प्लाइन असेल तर फ्रेम १० वरचा चढ शेजारच्या दोन कींना जोडणाऱ्या रेषेवरून ठरतो: १० वरून ० वर, २० फ्रेममध्ये, म्हणजे दर फ्रेमला अर्धा युनिट खाली. पाय टेकल्यावरही कर्व्ह त्याच उतारावर पुढे निघतो आणि फ्रेम १५ ला पाय जमिनीखाली सव्वा युनिट असतो. मी याला 'कर्व्ह जमिनीत गेला' किंवा 'कीबाहेर गेला' म्हणते आणि 'ओव्हरशूट' हा शब्द मुद्दाम दिलेल्या हालचालीसाठी राखून ठेवते.

कळफलक: मग सोपं आहे, १५ वर शून्याची एक की टाका. मी तेच करतो.

चढउतार: १५ वर पाय बरोबर बसेल, पण १० आणि १५ च्या मध्ये पुन्हा बुडेल. स्प्लाइनच ठेवलं तर फ्रेम १२ च्या आसपास जवळजवळ अर्धा युनिट. उतार फ्रेम १० च्या कीवर आहे, म्हणून उपायही तिथेच करायला हवा. की वाढवत गेलात तर फुगवटा लहान होतो, पण पुढे टायमिंग बदलताना त्या सगळ्या की सांभाळत बसावं लागतं.

रेघोटी: म्हणजे १० आणि २० दोन्ही फ्लॅट?

चढउतार: बुडणं थांबेल. पण फ्लॅट निवडलेल्या प्रत्येक कीला आडवं करतो, मग ती की कुठेही असो. १० वरून ० वर येताना मध्ये ५ ची की असेल आणि तीही निवडीत आली, तर पाय हवेतच थबकतो. प्लॅटो फक्त शिखरावरच्या, तळाच्या आणि शेजारच्या कीइतकीच किंमत असलेल्या कीला आडवं करतो, वाटेतल्या कीचा चढ राखतो. माझ्या मते 'पठार' हा शब्द इथे चपखल बसतो. ब्लेंडरमध्ये साधारण हेच काम ऑटो क्लॅम्प्ड हँडल करतं.

क्लॅम्प्ड वेगळा आहे. मायामध्ये तो एरवी स्प्लाइनसारखाच वागतो. दोन शेजारच्या कींच्या किमती अगदी जवळ असतील तेव्हाच त्यांच्यामधला भाग सरळ करतो. आपल्या पायाला तो छान लागू पडतो. १० ते २० सपाट राहतं आणि टेकण्याआधीचा वेगही टिकतो. प्लॅटोने पाय कापसावर ठेवल्यासारखा हळूच टेकतो. टाच आपटायची असेल तर ते चालणार नाही.

मंदगती: प्लॅटो ठेवून १० चा टँजंट तोडला तर? आत येणारी बाजू तिरकी, बाहेर जाणारी आडवी.

चढउतार: हो, परिणाम तसाच होतो, आणि आपटण्याचा जोर हाताने ठरवता येतो. जड पात्रासाठी मी तेच करते. पण क्लॅम्प्डवर आंधळेपणाने विसंबू नका. की १०, ०, ४ अशा असतील तर शून्याशेजारी तितक्याच किमतीची की नाही, त्यामुळे तो स्प्लाइनच राहतो आणि शून्याच्या खाली जातो. तिथे प्लॅटोच हवा.

डोळेझाक: माझं पापणीचं आहे. ०, १, १, ० अशा की आहेत, आणि मिटल्यावर पापणी गालात घुसते. हेच कारण?

चढउतार: कर्व्ह पाहा. दोन १ च्या मध्ये तो १ च्या वर गेला असेल तर हेच, फक्त उलटं टांगलेलं.

डोळेझाक: पाहिला. वर जात होता, प्लॅटो केल्यावर सपाट झाला. घुसणं बरंच कमी झालं, पण कोपऱ्यात थोडं उरलंय.

चढउतार: मग उरलेलं मिटलेल्या पापणीच्या आकारातच असेल. फक्त १ ची किंमत देऊन स्थिर फ्रेम तपासा.

कळफलक: 'कीबाहेर जाणं' मला पटत नाही. काळाच्या दिशेने बाहेर गेल्यासारखं वाटतं. 'फुगवटा' म्हणू या का?

रेघोटी: फुगवटा वर येणारा वाटतो. इथे पाय खाली जातोय. 'बुडी' कशी वाटते?

मंदगती: मग पापणीला काय म्हणायचं?