ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा लॉगिन कोड जुळत नसेल तर आधी फोनचं घड्याळ बघा

> कोड बरोबर टाकतोय, तरी 'चुकीचा कोड' येतंय. अ‍ॅप काढून परत टाकू का?

अजिबात नको, कोड बनवणारी आतली गुप्त की जाऊ शकते आणि मग बॅकअप कोड शोधत बसाल. फोनच्या ब्राउझरमध्ये time.is उघडा, घड्याळ किती सेकंद मागे-पुढे आहे ते कळेल. कोड फोनच्या वेळेवरून बनतो, सहसा दर 30 सेकंदांनी बदलतो आणि सर्व्हर बहुधा एखादाच मागचा कोड चालवून घेतो. फोन 70 सेकंद मागे असला की तुमचा कोड दोन-तीन खेपा शिळा झालेला असतो.

सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप ठेवा. आधीच असेल तर बंद करून पुन्हा चालू करा. टाइमझोनही तपासा. तो चुकीचा असताना वेळ हाताने जुळवली तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, पण आतला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तासांनी सरकतो, आणि कोड निघतो तो त्यावरूनच.