मदत हवी आहे: हलक्या वजनात शिल्लक रेप्स कशा ओळखाव्यात?
नमस्कार. मी इंदूरमध्ये राजवाड्याजवळच्या व्यायामशाळेत जातो. बेंच प्रेसला 60 किलोच्या 8 रेप्स जेमतेम निघतात, म्हणून 6 वर थांबतो. एवढ्या जड वजनाला मोठे स्नायुतंतू जवळजवळ सुरुवातीपासूनच कामाला लागतात, त्यामुळे 2 राखल्याने फारसे बिघडत नाही.

गुडघा दुखावल्यापासून लेग एक्स्टेंशन मात्र 15 किलोवरच करतो. तिथे आधी लहान तंतू भार उचलतात आणि ते थकत गेले की मगच मोठे तंतू जोडले जातात, म्हणून शेवटच्या रेप्स गमावणे परवडत नाही. परवा जळजळ असह्य होऊन 18 वर थांबणार होतो, 3 च उरल्या असतील असे वाटले; सरांनी चालू ठेवायला सांगितल्यावर आणखी 9 निघाल्या आणि वजन मंदावले ते शेवटच्या दोनतीनांतच.

मग जळजळीकडे दुर्लक्ष करून केवळ या मंदावण्यावर थांबायचे ठरवावे का? आपण कसे ओळखता?